वेल्डिंगचे प्रमाणपत्र, पडताळणीचा कोड आणि त्यामागची नोंद

भोसरीच्या औद्योगिक परिसरातील एका वेल्डिंग प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणार्थ्यांच्या नोंदी, परीक्षा आणि प्रमाणपत्रे हे काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे येणारी मुले बहुतेक आयटीआय झालेली आणि पाईपवर हात बसवण्यासाठी आलेली असतात. येथून बाहेर पडल्यावर ती चाकण, रांजणगाव, तळोजा येथील फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत किंवा आखाती देशांतील कामांवर जातात. त्यांच्या हातात आम्ही दिलेला कागद जातो आणि त्या कागदाबद्दल विचारणा करणारा फोन काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, आमच्याकडे येतो.

असाच एक फोन आमच्या सगळ्या बदलांना कारण ठरला. एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातील अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्राचा फोटो पाठवून ते आमचे आहे का, असे विचारले होते. क्रमांक आमचा होता, त्या क्रमांकापुढे आमच्या नोंदवहीत तेच नाव होते, फोटोही त्याच मुलाचा होता. मात्र प्रमाणपत्रावर चाचणीची स्थिती 6G अशी छापलेली होती आणि त्या तुकडीतील थोड्याच मुलांनी सिक्स-जी दिल्याचे मला आठवत होते. नोंदवहीत पाहावे, तर तेथे नाव, तुकडी, अभ्यासक्रम आणि ‘उत्तीर्ण’ एवढेच रकाने होते. शेवटी परीक्षकांचा मूळ तक्ता फाईलमधून काढला. त्यावर बेंड टेस्टसाठी कापलेल्या पट्ट्यांची संख्या दोन होती. अमेरिकी एएसएमई संहितेच्या नवव्या विभागाप्रमाणे आम्ही चाचणी घेतो. त्यात पाईपवरील टू-जी चाचणीला दोन पट्ट्या वाकवून पाहतात आणि सिक्स-जीला चार. मुलाने टू-जी दिली होती. पीडीएफमधला एक आकडा कोणीतरी बदलला होता.

वेल्डिंगशी संबंध नसलेल्या वाचकांना हा आकडा किरकोळ वाटेल. टू-जीमध्ये पाईप उभा असतो आणि सांधा आडवा फिरतो. सिक्स-जीमध्ये पाईप पंचेचाळीस अंशांत तिरका आणि पक्का बांधलेला असतो, त्यामुळे वेल्डरला एकाच सांध्यात खालून, बाजूने आणि वरून काम करावे लागते. पाईपवर सिक्स-जी उत्तीर्ण झालेल्याचा हात सर्व स्थितींसाठी पात्र मानला जातो; टू-जीवाल्याचा केवळ सपाट आणि आडव्या सांध्यांसाठी. पगारातला फरक वेगळाच, पण डोक्यावरचा सांधा कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न त्या एका आकड्यावर ठरतो.

त्यानंतर संस्थेने डिजिटल प्रमाणपत्रे आणि पडताळणी कोड यांचा विचार सुरू केला. संगणक सेवा देणाऱ्या एका पुरवठादाराने आधी जो नमुना दाखवला, त्यात क्यूआर कोड स्कॅन केला की हिरवी खूण आणि ‘हे प्रमाणपत्र वैध आहे’ एवढे वाक्य येत होते. मी त्यांना आमचेच प्रकरण सांगितले: आकडा बदललेल्या त्या पीडीएफवरचा क्यूआर कोड तर खराच राहिला असता, तो स्कॅन केला असता आणि हिरवी खूणही आली असती. कोड फक्त इतकेच सांगतो की आमच्याकडे अशी एक नोंद आहे. हातातला कागद आणि ती नोंद सारखी आहेत का, हे पाहणाऱ्याने स्वतः ताडून पाहावे लागते आणि त्यासाठी नोंदीतील मजकूर त्याच्यासमोर यावा लागतो. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. कोड, सही, पडताळणीचे पान हे सारे नंतर. आधी नोंदीत काय असावे हे ठरवायचे.

त्या कामात आमचे परीक्षक फार उपयोगी पडले. ते एका तपासणी संस्थेतून निवृत्त झालेले निरीक्षक आहेत आणि त्यांना ‘वेल्डिंग अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण’ या वाक्याचा मनापासून राग आहे. “अहो, यशस्वीरीत्या म्हणजे काय? कशावर केलं, कोणत्या रॉडनं केलं, किती जाडीचं केलं, ते लिहा. बाकी मजकूर लग्नपत्रिकेत शोभतो,” असे ते म्हणाले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्यांच्यासमोर बसून एकेक करून लिहिल्या आणि आजही आमच्या नोंदीचा गाभा तोच आहे.

एका प्रत्यक्ष नोंदीचे उदाहरण देतो, म्हणजे कोणता तपशील का घेतला ते कळेल. साहित्य कार्बन स्टीलचा सहा इंची, शेड्यूल ८० चा पाईप, म्हणजे भिंतीची जाडी सुमारे अकरा मिलिमीटर. पहिला थर, ज्याला आम्ही रूट म्हणतो, तो आर्गन वेल्डिंगने; त्यावरचे थर ७०१८ रॉड वापरून आर्क वेल्डिंगने. या दोन प्रक्रियांनी भरलेली जाडी वेगवेगळी नोंदवावी लागते, कारण पात्रता प्रत्येक प्रक्रियेची स्वतंत्र मोजतात. समजा आर्गनने तीन मिलिमीटर आणि आर्कने आठ मिलिमीटर भरले. तेरा मिलिमीटरपेक्षा कमी भरण असेल, तर भरलेल्या जाडीच्या दुपटीपर्यंत पात्रता मिळते. म्हणजे हाच मुलगा आर्गनने सहा आणि आर्कने सोळा मिलिमीटरपर्यंत पात्र ठरतो. नोंदीत केवळ ‘जाडी अकरा मिलिमीटर’ असते, तर वाचणाऱ्याने दुप्पट करून बावीस मिलिमीटर आर्गनने भरायला त्याला बसवले असते आणि त्यात त्याची चूक म्हणता आली नसती.

यापुढचे रकाने म्हणजे स्थिती. वर चढत वेल्ड केले की खाली उतरत. डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा निष्कर्ष. बेंड टेस्टच्या पट्ट्यांची संख्या आणि प्रत्येक पट्टीचा निकाल. वाकवलेल्या बाजूवर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली, तर पट्टी नापास. आमच्या नोंदीत ‘पास’ या शब्दासोबत दिसलेल्या फटीचे मापही लिहिले जाते. ते पडताळणीच्या पानावर येत नाही, पण पुढे कोणी शंका घेतली, तर परीक्षकांना स्वतःच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही. परीक्षकांचे नाव आणि त्यांची पात्रताही नोंदीत असते, कारण निकाल कोणी दिला हे माहीत नसलेल्या निकालाला कारखान्यातले निरीक्षक किंमत देत नाहीत.

तारखांबाबत मी विशेष आग्रही होतो. प्रशिक्षणाची सुरुवात व शेवट, चाचणीचा दिवस आणि प्रमाणपत्र दिल्याचा दिवस या वेगवेगळ्या तारखा आहेत. फी बाकी असल्यामुळे प्रमाणपत्र दोन महिने उशिरा नेणारे प्रशिक्षणार्थी प्रत्येक तुकडीत असतात. संहितेप्रमाणे एखाद्या वेल्डरने सलग सहा महिने ती प्रक्रिया वापरली नाही, तर त्या प्रक्रियेची त्याची पात्रता संपते. हे सहा महिने मोजणाऱ्याला दिल्याच्या तारखेचा उपयोग नाही, त्याला चाचणीची तारीख हवी. याच कारणाने ‘या तारखेपर्यंत वैध’ असा रकाना आम्ही ठेवला नाही, जरी पुरवठादाराच्या नमुन्यात तो ठळक होता. मुलगा पुढे काम करतो की नाही हे आम्हाला कळत नाही, मग मुदत आम्ही कशाच्या आधारावर लिहायची? शिवाय त्या संहितेत वेल्डरची पात्रता ठरवण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या उत्पादकाची किंवा कंत्राटदाराची आहे. आमचे प्रमाणपत्र हे प्रशिक्षणाचे आणि एका विशिष्ट दिवशी झालेल्या चाचणीचे आहे, हे वाक्य प्रमाणपत्रावर आणि पडताळणीच्या पानावरही छापलेले आहे. संचालकांना ते सुरुवातीला आवडले नव्हते. जाहिरातीला मारक आहे असे त्यांचे म्हणणे होते. कारखान्यांकडून मात्र त्या वाक्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

नावाचा रकाना सोपा असेल असे वाटले होते, पण सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते, आधार कार्डावर कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहिण्याच्या चार तऱ्हा तर माझ्याच फायलींत आहेत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची दोन कागदपत्रे दोन नावांची असतात. आम्ही असे ठरवले की नाव कोणत्या कागदपत्रावरून घेतले ते नोंदीत लिहायचे, परदेशी जाण्याचा विचार असलेल्यांनी पासपोर्टच दाखवायचा आणि देवनागरी व इंग्रजी अशी दोन्ही रूपे प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षणार्थ्याकडून स्वतः तपासून सहीनिशी घ्यायची. ओळख पटवण्यासाठी आधार क्रमांक साठवावा, अशी सूचना एका सहकाऱ्यांनी केली होती. ती आम्ही स्वीकारली नाही. दोन सारख्या नावांतला फरक दाखवायला फोटो आणि जन्मवर्ष पुरते, आणि जो तपशील आपल्याकडे नाही तो आपल्याकडून फुटतही नाही.

कोडाची रचना ठरवताना जुना प्रमाणपत्र क्रमांकच कोड म्हणून वापरावा, असे सर्वांना सोयीचे वाटत होते. तो वर्ष, तुकडी आणि अनुक्रमांक मिळून बनतो. अडचण अशी की ज्याला एक क्रमांक माहीत आहे, तो पुढचे सगळे क्रमांक टाकून पाहू शकतो आणि बसल्या जागी आमच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचे नाव व फोटो गोळा करू शकतो. म्हणून क्रमांक कार्यालयीन कामासाठी तसाच ठेवला आणि पडताळणीसाठी यादृच्छिक कोड घेतला. त्यासाठी बत्तीस चिन्हांचा संच वापरला आहे, ज्यातून I, L, O आणि U ही अक्षरे वगळली आहेत. पहिल्या तिघांचा एक आणि शून्य यांच्याशी घोळ होतो. संगणकावर तो असा तयार होतो:

```
import secrets
A = "0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ"
code = "".join(secrets.choice(A) for _ in range(12))
```

अशा बारा चिन्हांचे शक्य कोड इतके असतात की ती संख्या एकावर अठरा शून्यांच्याही पुढे जाते, त्यामुळे अंदाजाने खरा कोड सापडणे व्यवहारात अशक्य आहे. यावर तेरावे चिन्ह तपासणीचे असते. ते आधीच्या बारा चिन्हांवरून गणिताने काढले जाते. आमच्या चाचणी-नोंदीचा कोड `7K3M-Q9TX-04HD-N` असा आहे. यातला शेवटचा `N` आधीच्या चिन्हांतूनच निघतो. फोनवर कोड सांगताना बी, डी, पी आणि टी यांत गल्लत होते, विशेषतः कारखान्याच्या आवाजात. एक चिन्ह चुकले की तेरावे चिन्ह जुळत नाही आणि पान ‘कोड टाकताना चूक झाली आहे’ असे सांगते. हा निरोप ‘अशी नोंद आढळली नाही’ या निरोपापासून वेगळा ठेवणे गरजेचे होते. नाहीतर टंकनाच्या चुकीमुळे एखाद्या प्रामाणिक मुलाचे प्रमाणपत्र बनावट ठरले असते.

पीडीएफवर डिजिटल सहीसुद्धा केली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाने दिलेले क्लास ३ चे सही-प्रमाणपत्र संचालकांच्या नावावर आहे आणि ते यूएसबी टोकनमध्ये असते. सही झालेल्या फाईलमध्ये एक आकडा जरी बदलला, तरी सही मोडल्याचे वाचक-प्रणाली दाखवते. हे उत्तमच आहे, पण मी त्यावर फारसा भार टाकत नाही. एक तर बऱ्याच संगणकांवर ॲक्रोबॅट रीडर आमच्या खऱ्या फाईललाही पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Validity Unknown` असे शब्द दाखवतो, कारण भारतीय मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला त्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते; ई-आधार उघडणाऱ्यांना हे चिन्ह ओळखीचे असेल. दुसरे असे की प्रमाणपत्र मूळ फाईल म्हणून क्वचितच पुढे जाते. त्याची प्रिंट निघते किंवा मोबाईलवर स्क्रीनशॉट जातो आणि चित्रामध्ये सही उरत नाही. सही करताना अधिकृत काळमुद्रा जोडायला मात्र विसरू नये. टोकनमधील प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांत संपते आणि सही त्या मुदतीच्या आतच झाली होती, हे नंतर त्या काळमुद्रेवरूनच दाखवता येते.

त्यामुळे खरा भरवसा पडताळणीच्या पानावर आहे. कोड टाकल्यावर तेथे फोटो, नाव, जन्मवर्ष, चाचणीचा सर्व तांत्रिक तपशील, तारखा आणि प्रमाणपत्राची सद्यःस्थिती दिसते. पत्ता, मोबाईल क्रमांक, गुण आणि फीचा तपशील दिसत नाही. काय दिसणार आहे हे प्रवेशाच्या वेळी दाखवून संमती घेतली जाते, कारण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ला तशी स्पष्ट संमती अपेक्षित आहे. पानाच्या वरच्या बाजूला ‘हातातील प्रमाणपत्राशी प्रत्येक ओळ ताडून पाहा’ अशी सूचना आहे आणि स्थितीचा रकाना मुद्दाम मोठ्या अक्षरांत आहे.

क्यूआर कोडबाबत एक सावधगिरी कारखान्यांना लेखी कळवली आहे. क्यूआर कोड हा बहुतेक वेळा एका संकेतस्थळाचा पत्ता असतो आणि बनावट प्रमाणपत्र करणारा तेथे स्वतःच्या पानाचा पत्ता घालू शकतो. ते पान हुबेहूब आमच्यासारखे दिसू शकते आणि तेथे हवा तो तपशील ‘वैध’ म्हणून येऊ शकतो. स्कॅन करून उघडलेल्या पानाचा पत्ता वाचावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे आमचा पत्ता स्वतः टाकून त्यात कोड भरावा, असे आम्ही सांगतो. कोड हाताने टाकण्याइतका आटोपशीर ठेवण्यामागे हेही एक कारण होते.

दुरुस्ती आणि रद्द करणे यांचा नियम एकच ठेवला आहे: नोंद पुसली जात नाही. नावातील अक्षर दुरुस्त करायचे असले, तरी नवी नोंद आणि नवा कोड तयार होतो. जुना कोड टाकल्यावर ‘ही नोंद बदलली आहे’ असे दिसते. बदलाची तारीख, कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव आत राहते. पुन्हा चाचणी देऊन टू-जीवरून सिक्स-जीला गेलेल्या प्रशिक्षणार्थ्याची जुनी नोंद बदलत नाही. त्याला दुसरे प्रमाणपत्र मिळते, कारण ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पाईपवर झालेली दुसरी चाचणी असते.

हे सगळे केल्यावरही एक जागा कच्ची राहते, ती म्हणजे परीक्षकांच्या तक्त्यापासून संगणकापर्यंतचा प्रवास. नोंद कुलूपबंद झाल्यानंतर तिला कोणी हात लावला तर कळते, पण त्याआधीच चुकीचे लिहिले गेले असेल, तर यंत्रणा ती चूकही तितक्याच निष्ठेने जपते. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. पाईप बसवण्याआधी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर प्रशिक्षणार्थ्याचा क्रमांक पंचने ठोकला जातो. वाकवलेल्या सर्व पट्ट्यांचा, त्यांच्यावरील क्रमांक दिसेल असा, एक फोटो नोंदीला जोडला जातो. आणि कार्यालयातल्या मॅडम तपशील भरतात तेव्हा तो तक्त्याशी ताडून नोंद बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसून परीक्षकांकडे आहे. पट्ट्यांची संख्या आणि स्थिती जुळत नसेल, म्हणजे स्थिती 6G आणि पट्ट्या दोन असे झाले, तर नोंद बंदच होत नाही. तो नियम सुचवला परीक्षकांनीच.

जुन्या प्रमाणपत्रांचा प्रश्न उरला होता. ती सर्व नव्या पद्धतीत घ्यावीत, अशी माजी प्रशिक्षणार्थ्यांची मागणी होती. ज्यांचे परीक्षकांचे तक्ते मिळाले, त्यांच्या नोंदी तक्त्यावरून भरल्या आणि त्यांना नवे कोड दिले. ज्यांच्या बाबतीत केवळ नोंदवहीतली ओळ होती, त्यांच्या पानावर नाव, तुकडी आणि अभ्यासक्रम एवढेच दिसते आणि चाचणीच्या रकान्यात ‘तपशील उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते. त्यांपैकी काही जण नाराज आहेत. त्यांना आम्ही पाईप आणि रॉडचा खर्च घेऊन पुन्हा चाचणी देण्याची सोय केली आहे, आणि शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये येणाऱ्यांत आता त्यांचीच संख्या जास्त असते.